रेशमावर पाण्याची कड का उमटते?

रेशमी कापडावर पाण्याचा थेंब पडून वाळला, की तिथे बहुधा एक वर्तुळ उरते. कडेला बारीक, जराशी गडद रेघ दिसते आणि आतल्या भागाची चमक आजूबाजूपेक्षा मंद भासते. कापड जितके गुळगुळीत आणि चकचकीत, तितकी ही खूण ठळक. त्यामुळे साटीनवर ती सर्वांत जास्त नजरेत भरते. लग्नात गुलाबदाणीतून उडालेले चार थेंब, इस्त्रीवाल्याने कापडावर मारलेला पाण्याचा हबका, छत्रीच्या टोकावरून निथळलेले पाणी, कशानेही ते होते. पाण्याला रंग नसतो आणि ते उडून गेल्यावर तिथे पाणीही उरत नाही. तरीही डाग राहतो.

याचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा जड पाण्यातल्या क्षारांवर ढकलले जाते. क्षारांचा वाटा असतोच, पण अगदी शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंबही रेशमावर वर्तुळ सोडतो. म्हणजे डागाचा बराचसा भाग पाण्याने बाहेरून आणलेला नसतो. तो कापडातच असतो, पाणी फक्त त्याची जागा बदलते. शिवाय पाणी धाग्याच्या आत शिरून त्याची ठेवण बदलते, तो बदल वेगळाच. या दोन गोष्टी एकाच जागी घडतात म्हणून डोळ्याला एकच डाग दिसतो.

आधी तंतूकडे पाहावे लागते. तुतीवरचा रेशीमकिडा तोंडातून एकाच वेळी दोन तंतू सोडतो आणि दोन्हींवर सेरिसिन नावाचा चिकट थर असतो. आतला तंतू फायब्रोइन या प्रथिनाचा. कोषाच्या वजनात सेरिसिन साधारण पाव भाग असते. साबण आणि सोड्याच्या उकळत्या पाण्यात रेशीम उकळून हा डिंक काढला, की कडक, निस्तेज धागा मऊ आणि चमकदार होतो. पैठणीचे रेशीम रंगवण्याआधी असेच उकळून घेतात. ऑर्गन्झा मात्र डिंक तसाच ठेवून विणतात, त्याचा कडकपणा त्यातूनच येतो. सेरिसिन पाण्याने मऊ होते आणि त्याचा काही भाग विरघळतो. म्हणून ऑर्गन्झावर पाणी पडले, की ती जागा आधी मलूल होते आणि वाळताना सरकलेला डिंक कडेला गोळा होतो. डिंक काढलेल्या रेशमातही त्याचा थोडा अंश उरण्याची शक्यता असते.

फायब्रोइनचा एकेक तंतू जेमतेम दहा ते तेरा मायक्रोमीटर जाड असतो आणि त्याचा छेद गोल नसून तिकोनी असतो. रेशमाच्या झळाळीचे एक कारण हा आकार आहे. तंतूच्या आत प्रथिनाच्या लांबच लांब साखळ्या असतात. ग्लायसिन, अ‍ॅलॅनिन आणि सेरिन ही तीन लहान अमिनो आम्ले मिळून या साखळीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग व्यापतात. लहान असल्यामुळे त्या भागातल्या साखळ्या एकमेकींना अगदी चिकटून, थरावर थर रचल्यासारख्या बसतात. हे स्फटिकी भाग. तिथे पाण्याच्या रेणूला शिरायला जागाच नसते. रेशमाची ताकद या भागांची.

पण साखळी सगळीकडे अशी सरळ बसत नाही. मधूनमधून टायरोसिनसारखी मोठी अमिनो आम्ले येतात, काही ठिकाणी विद्युतभार असलेली येतात, आणि तिथे साखळ्या विस्कळीत, सैल गुंतलेल्या राहतात. या सैल भागातही साखळ्यांना एकत्र धरणारे हायड्रोजन बंध असतात. एका साखळीतला ऑक्सिजन शेजारच्या साखळीतल्या हायड्रोजनला हलकेच ओढून धरतो. पाण्याच्या रेणूत नेमके हेच दोन अणू असल्यामुळे तो दोन साखळ्यांच्या मध्ये घुसतो आणि दोघींशी स्वतःच बंध जोडतो. साखळ्या एकमेकींपासून सुटतात आणि थोड्या दूर सरकतात. कोरडे असताना ताठ असलेला सैल भाग आता लवचीक होतो.

रेशमाला पाणी किती आवडते हे मोजता येते. वीस अंश तापमानाला आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत रेशीम आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ११ टक्के ओलावा धरून असते. त्याच हवेत पॉलिएस्टरमध्ये तो ०.४ टक्के असतो. पूर्ण भिजल्यावर तंतूच्या आत शिरलेले पाणी ३० टक्क्यांच्या पुढे जाते. तंतू फुगतो, पण सगळीकडे सारखा नाही. साखळ्या लांबीच्या दिशेने पसरलेल्या असल्याने पाणी त्यांना बाजूला ढकलते. जाडी १६ ते १८ टक्क्यांनी वाढते, लांबी जेमतेम दीड टक्क्याने. बारा मायक्रोमीटरचा तंतू चौदाचा होतो. आकडा लहान वाटतो, पण कापडात हे तंतू एकमेकांना खेटून असतात आणि सगळे एकदम फुगतात.

इथे एक प्रश्न उभा राहतो. कोकणातल्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते. अशा हवेत कपाटातले रेशीम २० टक्क्यांच्या आसपास ओलावा शोषते, म्हणजे त्याच्या तंतूत बरेच पाणी शिरते आणि तो बऱ्यापैकी फुगतो. तरीही त्या साडीवर वर्तुळे उठत नाहीत. ओलावा सगळ्या कापडात सारखा पसरतो आणि सारखाच ओसरतो. ओले आणि कोरडे यांची सीमा कुठेच तयार होत नाही. थेंबाला मात्र अशी सीमा असते आणि डागाची सगळी गोष्ट त्या सीमेवर घडते.

एक थेंब हिशेबात घेऊन पाहू. मध्यम जाडीच्या रेशमी साटीनचे वजन चौरस मीटरला सुमारे ७० ग्रॅम असते. त्यावर ५० मिलिग्रॅमचा, म्हणजे एक विंशांश मिलिलिटरचा थेंब पडला आणि अडीच सेंटिमीटर व्यासाच्या गोलात पसरला असे धरू. तेवढ्या गोलातले कापड भरते ३४ मिलिग्रॅम. थेंबातले सहा-सात मिलिग्रॅम पाणी तंतूंच्या आत जाते. बाकीचे सगळे तंतूंमधल्या बारीक फटींत केशाकर्षणाने धरून राहते. हे फटींतले पाणी मोकळे असते, वाहू शकते आणि सोबत विरघळलेले पदार्थ नेऊ शकते.

आता ते वाळू लागते. गोलाच्या कडेला कापड पातळ ओले असते आणि त्याच्या पलीकडे कोरडी हवा व कोरडे कापड असते, म्हणून बाष्पीभवन कडेला सर्वांत जोरात होते. पण कड मागे सरकत नाही. कोरड्या तंतूंनी तिला जागेवर धरून ठेवलेले असते. कडेचे पाणी उडाले, की ती जागा भरून काढायला मधले पाणी फटींतून बाहेरच्या दिशेने येते. थेंब वाळेपर्यंत हा प्रवाह चालू राहतो आणि वाटेत जे काही विरघळले किंवा सुटले ते कडेला नेऊन टाकतो. टेबलावर सांडलेल्या कॉफीचा थेंब वाळल्यावर कडेला गडद होतो त्यामागेही हाच प्रवाह असतो. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये त्याचे भौतिकशास्त्र मांडले. कापडात फरक इतकाच, की पाणी पृष्ठभागावर बसत नाही, तंतूंच्या जाळ्यातून वाहते.

हा प्रवाह नेतो काय? नळाच्या किंवा विहिरीच्या बऱ्यापैकी जड पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर आपल्या थेंबात क्षार निघतात ०.०२५ मिलिग्रॅम. दुसऱ्या बाजूला कापड पाहा. विणताना ताण्याला लावलेली खळ, मऊपणासाठी दिलेले फिनिश, धुण्यातला साबण, उरलेले सेरिसिन, न बसलेला रंग, अंगाचा घाम, असे पाण्यात हलणारे पदार्थ कापडाच्या वजनाच्या केवळ एक टक्का धरले तरी त्या गोलात ते ०.३४ मिलिग्रॅम भरतात. पाण्याने आणलेल्या क्षारांच्या तेरा-चौदापट. शुद्ध पाण्याने डाग का पडतो याचे उत्तर या हिशेबात आहे. आणि हे सगळे एक मिलिमीटर रुंदीच्या कडेत गोळा झाले, तर तिथले त्यांचे प्रमाण मूळच्या सहापट होते. आधी सगळीकडे सारखे पसरलेले म्हणून जे दिसत नव्हते, ते आता रेघ होऊन दिसते.

कधी कधी एकाच्या आत एक अशा दोन-तीन रेघा दिसतात. प्रत्येक पदार्थ तंतूला कमी-अधिक चिकटतो, म्हणून कोणी कडेपर्यंत पोहोचतो, कोणी वाटेत अडतो. पदार्थ वेगळे करण्याची एक अख्खी पद्धत याच गुणावर उभी आहे. इंग्लंडमध्ये लीड्स येथील लोकर-संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली गाळण कागदावर अमिनो आम्ले अशी वेगवेगळी करून दाखवली. त्याआधीच्या पायाभूत कामासाठी मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना १९५२ चे नोबेल मिळाले. प्रथिनांच्या धाग्यांवर काम करणाऱ्या संस्थेत ही पद्धत निघावी, हा योग मजेशीरच.

रंगाचे वागणे जरा निराळे. रेशमाला बहुतेक वेळा आम्ल रंग देतात. फायब्रोइनमधल्या धनभारित गटांना ऋणभारित रंगाचा रेणू चिकटतो. हा बंध खरा, पण पाण्यात तो सुटू शकतो, विशेषतः गडद छटेसाठी रंग गरजेपेक्षा जास्त दिला असेल आणि नंतर नीट धुतला नसेल तर. मग कडेची रेघ कापडाच्याच रंगाची, पण अधिक गडद होते आणि आतला भाग फिका पडतो. हिरव्या किंवा जांभळ्या कापडावर, दोन रंग मिसळून छटा तयार केली असल्यास, रेघ भलत्याच रंगाची निघू शकते, कारण त्या दोनपैकी एकच रंग पुढे सरकलेला असतो. तंतूशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग असे फारसे हलत नाहीत.

हे झाले सरकलेल्या पदार्थांचे. वर्तुळाच्या आतली मंद चमक ही दुसरी घटना, आणि तिथे साटीनचा संबंध येतो. साटीन हे धाग्याचे नाव नाही, विणीचे आहे. जुन्या मराठीतले अतलस ते हेच. साध्या विणीत ताण्याचा धागा एका बाण्यावरून आणि एकाखालून जातो. आठ धाग्यांच्या साटीनमध्ये तो सातांवरून जातो आणि एकाच्याच खाली उतरतो. त्यामुळे कापडाच्या सुलट्या बाजूवर लांबच लांब मोकळे धागे एका दिशेने पडलेले असतात. प्रत्येक धाग्यात अनेक तिकोनी तंतू शेजारी शेजारी, बहुतेक एकाच कोनात असतात. प्रकाश त्यांच्यावरून एकाच दिशेला परततो आणि कापड चमकते. कारखान्यात ते गरम रुळांतून दाबून काढले असेल, तर धागे चपटे होऊन ही चमक आणखी वाढते.

दाबून दिलेली ही चपटी ठेवण सैल भागातल्या हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेली असते. पाणी शिरले, की ते बंध सुटतात. तंतू फुगतो, दाबाखाली अडकलेला ताण मोकळा होतो, धागा पुन्हा गोलसर होऊ लागतो, आणि फुगलेले शेजारी एकमेकांना ढकलून थोडे तिरके होतात. मग पाणी जाते. साखळ्या जिथे असतील तिथेच नवे बंध जुळतात आणि ही नवी, विस्कटलेली ठेवण पक्की होते. तंतूची जाडी जवळपास पूर्ववत होते, पण त्याची जागा आणि कोन नाही. प्रकाश आता चार दिशांना फाकतो आणि ती जागा मंद दिसते. इथे कोणताही पदार्थ साचलेला नाही. धुऊन काढण्यासारखे तिथे काही नसते.

साध्या विणीच्या कापडात धागे जागोजागी एकमेकांखाली अडकलेले असतात, त्यांना हलायला वाव कमी. म्हणून पैठणीसारख्या साध्या विणीच्या कापडावर कडेची रेघ उठते, पण आतली चमक साटीनइतकी जात नाही. मश्रूची अडचण आणखी वेगळी. पूर्वी औरंगाबादेत हिमरूबरोबर विणले जाणारे हे कापड वरून रेशमी साटीन आणि आतून सुती असते. भिजल्यावर दोन्ही धागे वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात व आखडतात, म्हणून ओल्या जागी डागाबरोबर बारीक सुरकुतीही येते.

बाजारातले बरेच साटीन मात्र पॉलिएस्टरचे असते. त्याच्या तंतूत पाणी जवळजवळ शिरतच नाही, त्यामुळे तंतू फुगत नाही आणि चमक आतून बदलत नाही. तिथे उरते ती फक्त वर साचलेल्या क्षारांची किंवा फिनिशची कड, आणि ती साध्या धुण्याने जाते. कापड कोणते हे ठरवायला शिवणीच्या आतला एखादा धागा काढून जाळून पाहावा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि चुरगळणारी काळी राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

रेशमावरची खूण यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे अवघड नाही. कापड उजेडात धरून हळूहळू फिरवावे. एका कोनातून डाग दिसतो आणि दुसऱ्या कोनातून नाहीसा होतो, असे असेल तर तो चमकेचा बदल आहे. सगळ्या कोनांतून रेघ सारखीच दिसत असेल, तर तिथे काही साचले आहे. रेघ पांढरट आणि हाताला किंचित खरखरीत असली, तर बहुधा क्षार. कापडाच्याच रंगाची असली, तर रंग. अनेकदा हे सगळे एकत्र असते.

उपायही त्यानुसार बदलतात. चमक गेली असेल, तर कापड पूर्ण कोरडे असताना त्याचीच सुलटी बाजू सुलट्या बाजूवर ठेवून, धाग्याच्या दिशेने हलकेच चोळतात. अडकलेले तंतू सुटतात आणि पुन्हा सरळ बसतात. त्यानंतर दुरून, थेंब न उडवता वाफ द्यावी. वाफ बंध सैल करते आणि तंतूंना जागा घेऊ देते. मूळ चपटी चमक सगळी परत येईलच असे नाही, कारण ती दाब आणि उष्णतेने दिलेली होती.

साचलेली रेघ काढायची तर विचित्र वाटणारा उपाय करावा लागतो, तो म्हणजे आणखी पाणी. फक्त डाग पुसला, तर नवी सीमा तयार होते आणि मोठे वर्तुळ पदरात पडते. त्याऐवजी शिवणीपासून शिवणीपर्यंतचा तो सगळा भाग, किंवा धुण्याजोगे असेल तर सगळेच कापड, ऊर्ध्वपातित पाण्यात सारखे भिजवतात, पिळत नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपतात आणि सावलीत सपाट वाळवतात. पदार्थ काही धुपून जातात, उरलेले सगळीकडे सारखे पसरतात. त्याआधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा कापूस दाबून रंग सुटतो का ते पाहणे आवश्यक आहे. सुटत असेल तर घरी पुढे जाऊ नये. ड्रायक्लीनला टाकले की काम होईल हा समज मात्र निम्माच खरा आहे. ड्रायक्लीनचे द्रावण तेलकट मळ विरघळवते, क्षार, खळ किंवा सेरिसिन नाही, आणि ते तंतूला फुगवतही नाही. पाण्याचा डाग काढायला तिथल्या कारागिरालाही वाफेची बंदूक आणि पाणीच वापरावे लागते. कसब असते ते ओली कड हवेच्या झोताने बाहेरच्या दिशेने पातळ करत वाळवण्यात, म्हणजे ठरावीक सीमा राहतच नाही.

थेंब नुकताच पडला असेल, तर कोरडे सुती कापड वरून दाबून पाणी शोषून घ्यावे, म्हणजे कडेला वाहून जायला ते शिल्लकच राहत नाही. गरम इस्त्री फिरवून तो घाईने वाळवू नये. कड तिथल्या तिथे पक्की होते. आणि ओले रेशीम कधीही चोळू नये. भिजलेल्या रेशमाची ताकद १५ ते २० टक्क्यांनी कमी झालेली असते, आणि घासल्यावर तंतूच्या पृष्ठभागावरून अतिसूक्ष्म धागे सुटे होतात. वाळल्यावर तिथे पांढुरकी झाक दिसते. ती ना पाण्याने जाते, ना वाफेने, ना ड्रायक्लीनने.